सोमवारच्या रजा आणि एक खाजगी निरोप

वाचकाचे पत्र

मी सीबीडी बेलापूरमधल्या एका कस्टम ब्रोकरच्या कार्यालयात आयात विभाग सांभाळते. आम्ही चौदा जण आहोत आणि सोमवार ते शनिवार काम करतो. माझ्या हाताखालचा एक मुलगा चार वर्षांपासून आहे, कामाला चोख आहे, पार्ट्या, म्हणजे आमचे ग्राहक, त्याचेच नाव घेतात. पण जानेवारी ते जून या सहा महिन्यांत त्याने नऊ वेळा आयत्या वेळी रजा घेतली आणि त्यांतल्या सात सोमवारी आल्या : १६ फेब्रुवारी, ९ मार्च, ३० मार्च, २० एप्रिल, ११ मे, ८ जून आणि २९ जून. सकाळी साडेआठला 'तब्येत बरी नाही' एवढाच मेसेज येतो. सोमवारी सर्वांत जास्त काम असते, म्हणून त्या दिवशी आम्ही कोणालाच रजा देत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. ११ मे रोजी त्याच्या एका पार्टीचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टमला द्यायचे घोषणापत्र, उशिरा गेले आणि लेट चार्ज भरावा लागला. कोणी म्हणते तो शनिवारी रात्री गावी जातो, कोणी म्हणते रविवारी पितो. आमचे मालक म्हणतात, सरळ मेमो द्या. मला त्याला आधी खाजगीत लिहायचे आहे, पण गोड लिहिले तर त्याला कळणार नाही आणि स्पष्ट लिहिले तर तो दुखावेल, अशा कात्रीत मी सापडले आहे. मी त्याला 'तू' म्हणते, तो मला 'मॅडम' म्हणतो. काय लिहू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मजकुराकडे येण्याआधी तुम्हीच दिलेल्या तारखांकडे पुन्हा एकदा पाहू या, कारण त्या तारखा जे सांगतात ते तुमच्या पत्रात कोठेच आलेले नाही. आठवड्यात सहा दिवस काम असेल, तर आयत्या वेळच्या नऊ रजांपैकी एखाद-दुसरी सोमवारी यावी. सात आल्या म्हणजे हा योगायोग नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबरच आहे. मात्र आता दोन सोमवारांमधले अंतर मोजा. १६ फेब्रुवारी ते ९ मार्च हे एकवीस दिवस होतात. ९ मार्च ते ३० मार्च पुन्हा एकवीस, तेथून २० एप्रिलपर्यंत एकवीस आणि ११ मेपर्यंतही एकवीसच. त्यानंतर एकदाच हे अंतर अठ्ठावीस दिवसांचे झाले आणि ८ जून ते २९ जून ते पुन्हा एकवीसवर आले. म्हणजे हा मुलगा 'सोमवारी' गैरहजर राहत नाही, तो दर तिसऱ्या सोमवारी गैरहजर राहतो, आणि मधल्या दोन सोमवारी तो वेळेवर येऊन तुमचे सर्वांत जड काम उचलतो.

ज्याचा सोमवार रविवारच्या रात्रीमुळे बुडतो, त्याच्या रजा सहसा अशा मोजून-मापून येत नाहीत. त्या कधी लागोपाठ दोन आठवडे येतात, कधी महिनाभर येत नाहीत, पगार झाल्यावर वाढतात, सणाच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत दाटतात. तीन आठवड्यांचा ठरलेला फेरा दिसला, तर त्यामागे बहुधा कोणाची तरी ठरलेली पाळी किंवा नेमलेली तारीख असते. काही औषधोपचार तीन आठवड्यांच्या चक्रानेच दिले जातात. कर्करोगाच्या केमोथेरपीचे अनेक उपचार तसे असतात, आणि रक्ताच्या तपासणीत पेशी कमी आढळल्या तर पुढची तारीख आठवडाभर ढकलली जाते. तीन भावंडांनी गावाकडच्या आजारी आईवडिलांसाठी आळीपाळीने शनिवार-रविवार वाटून घेतले असतील, तरी प्रत्येकाची पाळी तिसऱ्या आठवड्यालाच येते, आणि एखाद्या भावंडाने अदलाबदल मागितली की तिची घडी एका आठवड्याने सरकते.

यांतले खरे काय आहे, हे मलाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. मी ही उदाहरणे तुम्ही त्यांतले एखादे निवडावे म्हणून दिलेली नाहीत. कार्यालयातल्या कुजबुजीने तुमच्या मनात जे एक-दोन अंदाज बसले आहेत, त्यांची पकड सैल व्हावी एवढाच त्यांचा उपयोग आहे. कारण मनात 'पितो' हा शब्द ठेवून लिहिलेला मजकूर कितीही सभ्य असला, तरी तो शब्द वाक्यावाक्यांतून जाणवतो आणि वाचणाऱ्याला तो बरोबर ऐकू येतो.

आता तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य. सोमवारी तुम्ही कोणालाच रजा देत नाही. तुमच्या बाजूने हा नियम समजण्यासारखा आहे. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हावे लागते, आणि ते चुकले की पहिले तीन दिवस दिवसाला ५,००० रुपये आणि त्यापुढे दिवसाला १०,००० रुपये लेट चार्ज लागतो. शनिवार-रविवारी आलेली कागदपत्रे, पार्टीने न तपासलेल्या चेकलिस्ट आणि न्हावा शेवाला सोमवारी-मंगळवारी लागणारी जहाजे, हे सगळे सोमवारी सकाळी तुमच्या टेबलावर एकदम येते. त्या दिवशी माणूस हवाच, याबद्दल वाद नाही.

परंतु ज्याला दर तिसऱ्या सोमवारी कोठेतरी असणे भागच आहे, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आधी अर्ज केला तर रजा मिळणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. अर्ज नाकारला गेल्यावर गैरहजर राहिला, तर तो आज्ञाभंग ठरेल. मग त्याच्यापुढे एकच वाट उरते, ती म्हणजे सकाळी साडेआठला तब्येत बिघडणे. तो खोटे बोलत असेल, तर ते त्याचे चुकतेच आहे आणि त्याबद्दल त्याच्याशी बोलायलाही हवे. पण तुमचा नियम त्याला खरे बोलायला जागाच ठेवत नाही, हेही तेवढेच खरे आहे. म्हणून मालकांशी आधी एवढे बोलून घ्या की, सोमवारची रजा आदल्या गुरुवारपर्यंत मागितली आणि त्या दिवशी दुसरे कोणी रजेवर नसेल, तर ती देता येईल. ही मुभा सगळ्या विभागासाठी असावी, फक्त त्याच्यासाठी नव्हे. ती मिळाल्याशिवाय त्याला काहीही लिहू नका. 'अडचण असेल तर मोकळेपणाने सांग' असे लिहायचे आणि सांगितल्यावर 'पण सोमवारी रजा देता येत नाही' म्हणायचे, यापेक्षा न लिहिलेले बरे.

मालकांना ही गोष्ट आकड्यांत पटवून देता येईल. दर तिसरा सोमवार धरला, तर वर्षाला सतरा दिवस होतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार २०२५ पर्यंत दहा आणि आता वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा द्यावी लागते, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्या माणसाला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. सहा दिवसांच्या आठवड्यात ही दुसरी रजा चौदा दिवसांच्या आसपास जाते. दोन्ही मिळून बावीस दिवस झाले. तुमच्या चौदा जणांच्या कार्यालयावर आता हे बंधन नसले, तरी तुम्ही पूर्वीप्रमाणे एवढी रजा देत असाल, तर तो मागतो आहे ते त्या रजेत बसू शकते, फक्त ते आधी ठरलेले हवे. अर्थात बाकीच्या वर्षासाठी त्याच्याकडे पाचच दिवस उरतील आणि गणपतीला, दिवाळीला जोडून रजा घेताना त्याला हात आखडावा लागेल. हे त्यालाही बैठकीत स्पष्ट सांगा, म्हणजे नंतर कुरबुर राहणार नाही.

आणखी एक काम लिहिण्याआधीचे आहे. हजेरीपट स्वतः उघडून सात तारखा पुन्हा ताडून पाहा आणि त्यांतली एखादी आधी मंजूर झालेली रजा तर नाही ना, याची खात्री करा. यंत्रावर बोट न उमटल्यामुळे लागलेला खाडाही कधी कधी यादीत मिसळून जातो. सातपैकी एक तारीख चुकीची निघाली, तर पुढचे सगळे बोलणे त्या एका तारखेवर अडकते आणि उरलेल्या सहा बाजूला पडतात. त्याच वेळी विभागातल्या इतरांचेही सहा महिने पाहून घ्या. सोमवारची गैरहजेरी तुम्हाला टोचते म्हणून ती डोळ्यांत भरते; कोणाच्या तरी दहा बुधवारच्या रजा टोचत नाहीत म्हणून नजरेतून सुटलेल्या असू शकतात, आणि तसे निघाले तर एकट्या या मुलाला लिहिणे अन्यायाचे होईल.

आता मजकुराकडे वळू. गोड लिहिले तर कळणार नाही आणि स्पष्ट लिहिले तर दुखावेल, ही तुमची अडचण अनेक व्यवस्थापकांची असते. पण माणूस स्पष्ट लिहिल्यामुळे दुखावत नाही. तो दुखावतो ते त्याच्या हेतूबद्दल काही गृहीत धरले गेले तर, किंवा आपल्यामागे काय बोलले गेले आहे याचा नुसता वास आला तर. उदाहरणार्थ, 'अरे, सगळे ठीक ना? हल्ली जरा दांड्या वाढल्यात, बघ जरा' हा मजकूर वरवर सौम्य आहे, पण 'दांड्या' म्हटले की तो मुद्दाम कामावर आला नाही असा आरोप होतो, 'हल्ली' म्हणजे केव्हापासून ते कळत नाही, आणि 'बघ जरा' म्हणजे नेमके काय करायचे हे तर मुळीच कळत नाही. तो 'हो मॅडम, सॉरी' असे उत्तर देईल, तुम्हाला विषय मिटला असे वाटेल आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तोच मेसेज येईल. दुसऱ्या टोकाला 'सततच्या गैरहजेरीबाबत आज संध्याकाळपर्यंत खुलासा करावा' असे लिहिले, तर ती भाषा मेमोची होते. सवयीने विनापरवाना गैरहजर राहणे हे कामगारांच्या सेवाशर्ती ठरवणाऱ्या स्थायी आदेशांमध्ये गैरवर्तनाच्या यादीत येते. त्या यादीतले शब्द खाजगी निरोपात आले की समोरचा माणूस आपली बाजू सांभाळू लागतो, डॉक्टरांचा दाखला आणतो, आणि खरे काय ते कधीच बाहेर येत नाही.

मी सुचवत असलेला मजकूर पुढे देत आहे. तो जसाच्या तसा वापरण्याची गरज नाही. तुमच्या बोलण्याच्या वळणाप्रमाणे तो बदलून घ्या.

> नमस्कार. एका गोष्टीबद्दल तुझ्याशी थेट बोलायचे आहे, म्हणून हे फक्त तुला लिहिते आहे.
>
> फेब्रुवारीपासून सात सोमवारी तुझी रजा आयत्या वेळी झाली : १६ फेब्रुवारी, ९ मार्च, ३० मार्च, २० एप्रिल, ११ मे, ८ जून, २९ जून. माझ्या नोंदीत काही चूक असेल तर सांग. सकाळी साडेआठला कळल्यामुळे तुझ्या फाइली कोणाकडे द्यायच्या हे ठरवायला वेळ उरत नाही, आणि बाकीच्या दोघांवर एकदम भार येतो.
>
> यामागे काय कारण आहे हे मला माहीत नाही आणि मी काही गृहीतही धरलेले नाही. घरचे किंवा तब्येतीचे काही असेल, तर त्याचा तपशील मला सांगितलाच पाहिजेस असे नाही. सोमवारचे काम कसे बसवायचे, एवढे आपण मिळून ठरवू. सोमवारची रजा आदल्या गुरुवारपर्यंत मागितली तर यापुढे देता येईल, हे मी सरांशी बोलून घेतले आहे.
>
> उद्या दुपारी चार वाजता छोट्या मीटिंग रूममध्ये अर्धा तास बसू या. ती वेळ जमत नसेल तर दुसरी सुचव. आयत्या वेळच्या सोमवारच्या रजा मात्र थांबायला हव्यात, आणि त्यासाठी काय लागेल ते मला उद्या तुझ्याकडून ऐकायचे आहे.
>
> हा मेमो नाही. तुझ्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

यात काय घेतले आणि काय गाळले, हे सांगायला हवे, कारण फेरबदल करताना नेमके तेच घसरते. तारखा पूर्ण दिल्या आहेत, म्हणजे 'वारंवार', 'नेहमी' अशा शब्दांवर वाद होत नाही आणि चूक दाखवण्याची संधी त्यालाही मिळते. मात्र 'दर तीन आठवड्यांनी' हे तुम्हाला दिसलेले सूत्र मी जाणूनबुजून वगळले आहे. ते लिहिले, तर त्याच्या घरात काय चालले आहे याचा छडा तुम्ही लावत आहात असे त्याला वाटेल. ते सूत्र तुमच्यापुरते ठेवा. त्याचा उपयोग एवढाच की तुम्ही बैठकीला संशय न ठेवता जाल.

११ मेच्या लेट चार्जचा उल्लेखही मी केलेला नाही. ती रक्कम मजकुरात आली की ती त्याच्या नावावर मांडल्यासारखी होते. वस्तुतः एक माणूस नसला म्हणून बिल अडते, याचा अर्थ त्याच्या पार्ट्यांची कागदपत्रे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाहीत, आणि हा दोष विभागाच्या व्यवस्थेचा आहे. उद्या त्याला अपेंडिक्सचे ऑपरेशन करावे लागले, तरी हेच होईल. त्याच्या प्रत्येक पार्टीसाठी दुसरा एक माणूस तयार ठेवा आणि शनिवारी संध्याकाळी अर्धवट राहिलेल्या फाइलींची यादी सामाईक ठिकाणी ठेवण्याची पद्धत घाला. हे त्याच्या रजांपासून वेगळे काम आहे आणि ते कोणत्याही परिस्थितीत करावेच लागेल.

सहकाऱ्यांकडून ऐकलेले एक अक्षरही मजकुरात किंवा बैठकीत येऊ देऊ नका. 'लोक म्हणतात' असे म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न 'कोण म्हणते?' हा असेल, आणि तेथून पुढे बोलणे रजांचे राहणार नाही.

शेवटच्या ओळीबद्दल एक सावधगिरी आहे. 'हा मेमो नाही' हे आज खरे आहे, म्हणून ते लिहिता येते. 'हे आपल्या दोघांतच राहील' असे मात्र लिहू नका, कारण मालकांशी तुम्ही बोलला आहात आणि पुढे रजेचे वेळापत्रक ठरवताना आणखी कोणाला सांगावे लागू शकते. तसेच, उद्या प्रकरण मेमोपर्यंत गेलेच, तर हा निरोप 'पहिली ताकीद' म्हणून मोजता येणार नाही. तो तसा नाही, असे तुम्हीच लिहून दिलेले असेल, आणि दिलेला शब्द नंतर फिरवला तर त्याच्याबरोबर सबंध विभागाचा विश्वास जाईल.

रोज 'तू' म्हणत असाल तर 'तू'च लिहा. कालपर्यंत 'तू' म्हणणाऱ्या माणसाने आज अचानक 'आपण' लिहिले की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि मजकुरातली बाकीची सगळी काळजी वाया जाते. कार्यालयाचे मेल इंग्रजीत जात असले तरी हा निरोप मराठीतच असू द्या.

निरोप कधी पाठवायचा, हेही मजकुराइतकेच महत्त्वाचे आहे. सोमवारी सकाळी त्याच्या मेसेजखाली हे उत्तर म्हणून कदापि पाठवू नका. तो त्या वेळी खरोखर कोणाच्या उशाशी बसलेला असू शकतो. त्या सकाळी 'ठीक आहे, काळजी घे. आज कोणत्या फाइली निघायलाच हव्यात तेवढे कळव' याहून अधिक काही लिहू नये. शनिवारी संध्याकाळीही नको, कारण रविवारभर तो त्यावरच विचार करत राहील आणि घरी त्याला ते दाखवून विचारायला माणसेही असतील. मंगळवारी दुपारी, तो कार्यालयात असताना, जेवणाच्या सुट्टीनंतर पाठवा, म्हणजे बैठक दुसऱ्याच दिवशी होईल आणि मधे एकच रात्र जाईल. विभागाच्या ग्रुपवर चुकून जाणार नाही, हे पाठवण्याआधी नीट पाहून घ्या. आवाजी संदेश पाठवू नका. तो पुन्हा नीट वाचता येत नाही आणि लोकलच्या गर्दीत शेजारच्यालाही ऐकू जातो. तुमच्या तारखांच्या हिशेबाने पुढचा तिसरा सोमवार २० जुलैला येतो, म्हणून हे बोलणे त्याच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे मंगळवार १४ आणि बुधवार १५ जुलैला झालेले बरे. तसे झाले, तर त्याला गुरुवारपर्यंत रजा मागता येईल आणि नव्या मुभेची पहिली कसोटी लगेच लागेल.

बैठकीत तुम्ही कमी बोला. 'सोमवार सांभाळायला तुला काय लागेल?' हा एक प्रश्न विचारून थांबा, आणि तो गप्प राहिला तर ती शांतता भरून काढण्याची घाई करू नका. त्याने कारण सांगितले, तर आजाराचे नाव, कागद, रुग्णालय यांची चौकशी करत बसू नका; किती महिने चालेल, तारखा आधी कळतील का आणि पूर्ण दिवस लागतो की अर्धा, एवढेच विचारा. तारखा आधी कळत असतील, तर पुढच्या तीन महिन्यांचे सोमवार तेथेच लिहून घ्या. सकाळचाच प्रश्न असेल, तर त्या दिवशी दुपारी एकला येऊन संध्याकाळी उशिरापर्यंत थांबण्याची सवलत कदाचित पूर्ण रजेपेक्षा दोघांनाही सोयीची ठरेल, कारण कोकणातून किंवा घाटावरून रविवारी रात्री निघालेला माणूस सोमवारी दुपारपर्यंत येऊ शकतो, पण सकाळी साडेनऊचा शब्द देऊ शकत नाही. त्याने कारण सांगितलेच नाही, तरी हरकत नाही. आधी कळवण्याची अट त्याने मान्य केली की तुमचे काम झाले. कारण न सांगण्याचा त्याचा हक्क तुम्ही लेखी मान्य केलेला आहे, तो बैठकीत मागे घेऊ नका.

त्याने 'यापुढे असे होणार नाही, मॅडम' एवढेच म्हटले, तर मात्र ते पुरेसे समजू नका. हे वाक्य भीतीपोटी येते आणि त्यात कोणतीही व्यवस्था नसते. 'होऊ नये म्हणून नेमके काय करायचे ते ठरवू' असे म्हणून त्याला पुन्हा तारखांकडे आणा.

या मजकुराचा उपयोग ज्यांच्यापुढे वेगळे चित्र आहे अशा वाचकांनाही होईल, कारण त्यात कारणच लिहिलेले नाही. तारखांमधले अंतर अनियमित असेल, रजा पगारानंतरच्या सोमवारी येत असतील आणि दारूची शंका बळावत असेल, तरीही मजकूर हाच ठेवावा. कामावर आल्यावर वास येणे किंवा तोल जाणे ही गोष्ट वेगळी आहे. ती ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी, दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या उपस्थितीत, त्या दिवसापुरतीच हाताळावी आणि तिची रजांशी सरमिसळ करू नये. सोमवारी सकाळी आढावा बैठक असेल आणि एखादा माणूस तीच चुकवत असल्यासारखा वाटत असेल, तर लिहिण्याआधी त्या बैठकीत त्याच्याशी कोण आणि कसे बोलते, ते व्यवस्थापकाने स्वतः बसून ऐकावे. तेथे दोष निघाला, तर निरोप त्या माणसाला नव्हे, दुसऱ्याच कोणाला लिहावा लागेल.

मालकांचा मेमोचा आग्रह पूर्ण चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. आधी कळवण्याची सोय दिल्यानंतर, बैठकीत ठरलेल्या गोष्टी दोन ओळींत त्याला लिहून पाठवल्यानंतरही पुन्हा सकाळी साडेआठलाच मेसेज येऊ लागले, तर दुसऱ्या वेळेनंतर लेखी मेमो देणे योग्यच होईल. मात्र तो देण्याआधी त्याला समोर बसवून 'आता मला हे कागदावर आणावे लागेल' असे तोंडी सांगा, म्हणजे पाकीट हातात पडल्यावर तो चकित होणार नाही. खरा अपघात किंवा खरा ताप हा यात धरू नये. तुम्ही ज्याच्याबरोबर चार वर्षे काम केले आहे, त्याच्या बाबतीत हा फरक तुम्हाला ओळखता येईल.

विभागातल्या बाकीच्या दोघांनाही काहीतरी सांगावे लागेल, कारण भार त्यांनी उचलला आहे. 'सोमवारच्या रजेची पद्धत बदलली आहे, आता सगळ्यांना ती आधी मागून मिळू शकेल, आणि प्रत्येक पार्टीला दुसरा माणूस नेमला जाईल' एवढे सांगा. त्याचे नाव घेऊ नका आणि त्यांनी विचारले तरी कारण सांगू नका.

राहता राहिली एक शक्यता, की निरोप वाचूनही तो उत्तर देणार नाही. दोन निळ्या खुणा दिसतील आणि पुढे काहीच येणार नाही. त्या संध्याकाळी पुन्हा लिहू नका, फोनही करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आल्यावर त्याच्या टेबलाजवळ जा आणि हळू आवाजात 'चारची वेळ जमेल ना?' एवढेच विचारा.